लाट वळते कशी आणि परतते का

कोकणातल्या एखाद्या लांब वाळूच्या किनाऱ्यावर, गुहागरला म्हणा किंवा आंजर्ल्याला, लाटांच्या रांगा नीट पाहिल्या तर एक प्रश्न पडायला हवा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि किनारा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. म्हणजे लाटा किनाऱ्यावर चांगल्या तिरप्या आदळायला हव्यात. खोल समुद्रात त्या तशाच तिरप्या चाललेल्या असतात. पण वाळूपाशी फुटताना लाटेचा माथा किनाऱ्याशी जवळजवळ समांतर झालेला दिसतो. वाटेत त्या लाटेला कोणी ढकललेले नसते, वाराही फिरलेला नसतो. तरी ती वळलेली असते.

कारण पायाखालच्या खोलीत आहे. दर १० सेकंदांनी एक माथा येतो अशी लाट खोल समुद्रात सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर धावते. पाणी उथळ होऊ लागले की तळ तिला जाणवतो आणि तिचा वेग उतरतो. चार मीटर खोलीवर तो सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास येतो, दोन मीटर खोलीवर साडेचारपेक्षाही थोडा कमी. तिरप्या आलेल्या लाटेचे जे टोक किनाऱ्याच्या जवळ असते ते आधी उथळ पाण्यात शिरते आणि आधी मंदावते. दूरचे टोक अजून खोल पाण्यात जोरात येत असते. एक बाजू रेंगाळली आणि दुसरी धावत राहिली की सगळी रांग रेंगाळणाऱ्या बाजूकडे वळते. वेगातला हा फरक एवढेच वळण्याचे कारण.

पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते तीही याच कारणाने. शाळेत आपण प्रकाशाचे अपवर्तन शिकतो तेव्हा आपतन कोन, अपवर्तन कोन आणि त्यांच्या साइनचे गुणोत्तर, एवढे पाठ करून पुढे जातो. ते गुणोत्तर स्थिर का असावे, आणि त्यात साइनच कुठून आली, हे बहुतेक वेळा राहून जाते. मला हे राहून जाणे फार खटकते, कारण त्याचे उत्तर कंपास आणि पट्टी घेऊन दहा मिनिटांत स्वतः काढता येते. शिवाय तीच आकृती उलट दिशेने काढायला गेलो की एका टप्प्यावर ती काढताच येत नाही, आणि पूर्ण आंतरिक परावर्तन हा दुसऱ्या धड्यातला वेगळा चमत्कार न राहता तिथेच समोर येतो.

आकृतीआधी दोन गोष्टी. लाटेच्या माथ्याची जी रेघ, तिला प्रकाशाच्या बाबतीत तरंगाग्र म्हणतात. आपण ज्याला किरण म्हणतो तो म्हणजे हे तरंगाग्र ज्या दिशेने सरकते ती दिशा, तरंगाग्राला काटकोनात. म्हणून किरणाने स्तंभिकेशी केलेला कोन आणि तरंगाग्राने पृष्ठभागाशी केलेला कोन एकच असतो. दुसरी गोष्ट वेगाची. प्रकाश हवेत सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत दोन लाख, हिऱ्यात सव्वा लाखाच्याही किंचित खाली. हवेतल्या वेगाला त्या माध्यमातल्या वेगाने भागले की जो आकडा येतो तोच अपवर्तनांक: पाण्याचा १.३३, काचेचा १.५, हिऱ्याचा २.४२. तीन लाख किलोमीटर डोळ्यांसमोर येत नाहीत, पण तोच वेग म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, एका नॅनोसेकंदात, ३० सेंटीमीटर. शाळेच्या मोठ्या पट्टीएवढे. पाण्यात तेवढ्याच वेळात साडेबावीस सेंटीमीटर.

आता कागदावर ६ सेंटीमीटरची आडवी रेघ ओढा. ही पाण्याची पातळी, दसपट लहान केलेली. डाव्या टोकाला अ म्हणा, उजव्या टोकाला क. रेघेच्या वर हवा, खाली पाणी. प्रकाश डावीकडून, वरून खाली तिरपा येतो आहे. त्याच्या तरंगाग्राचे डावे टोक पाण्याला अ पाशी नुकते टेकले आहे. अ पासून वर उजवीकडे, पातळीशी ३० अंशांचा कोन करून एक रेघ काढा, हे त्या क्षणीचे तरंगाग्र. क वरून त्या रेघेवर लंब टाका आणि लंब जिथे पडतो त्या बिंदूला ब म्हणा. मोजून पाहा, ब ते क हे अंतर बरोबर ३ सेंटीमीटर भरेल. प्रत्यक्षात ते ३० सेंटीमीटर, म्हणजे तरंगाग्राच्या उजव्या टोकाला पाण्यापर्यंत पोचायला अजून एक नॅनोसेकंद लागणार आहे.

त्या एका नॅनोसेकंदात डाव्या टोकाचे काय झाले? इथे सतराव्या शतकातला डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स मदतीला येतो. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत काम करत असताना त्याने ही कल्पना मांडली आणि १६९० मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तरंगाग्राचा प्रत्येक बिंदू हा स्वतःच एका छोट्या तरंगाचा उगम मानायचा, आणि थोड्या वेळाने या सगळ्या छोट्या तरंगांना मिळून जी एक रेघ स्पर्श करते ते नवे तरंगाग्र. त्यामुळे अ पासून निघालेला छोटा तरंग एका नॅनोसेकंदात पाण्यात साडेबावीस सेंटीमीटर पसरला असेल. कंपासमध्ये २.२५ सेंटीमीटर घ्या, टोक अ वर ठेवा आणि पातळीच्या खाली वर्तुळाचा तुकडा काढा. मग क वरून त्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढा. ती जिथे टेकते तो बिंदू ड. अ आणि क यांच्या मधल्या बिंदूंपाशी तरंगाग्र थोडे उशिरा पोचले, म्हणून त्यांची वर्तुळे त्या मानाने लहान, पण क ड ही रेघ त्या सगळ्यांना स्पर्श करते. पाण्यातले नवे तरंगाग्र हेच. कोनमापक लावला तर पातळीशी त्याचा कोन ३० ऐवजी साधारण २२ अंश भरेल. तरंगाग्र वळले, म्हणून त्याला काटकोनात असलेला किरणही स्तंभिकेकडे झुकला.

नियम या आकृतीतच लिहिलेला आहे. वर आणि खाली असे दोन काटकोन त्रिकोण झाले, आणि अ क हा दोघांचाही कर्ण. वरच्या त्रिकोणात आपतन कोनाची साइन म्हणजे ब क भागिले अ क. खालच्यात अपवर्तन कोनाची साइन म्हणजे अ ड भागिले अ क. कर्ण सामाईक असल्यामुळे भागाकारात तो उडून जातो आणि उरते एवढेच:

sin i / sin r = v₁ / v₂

आपल्या आकृतीत ३ भागिले २.२५, म्हणजे १.३३. तिरपेपणा कितीही ठेवा, ब क आणि अ ड ही दोन्ही अंतरे एकाच वेळात कापलेली असल्यामुळे त्यांचे गुणोत्तर वेगांचेच राहणार. हा नियम नेदरलँड्समधल्या लायडनच्या स्नेलने १६२१ च्या सुमारास मोजमापांतून शोधला होता आणि देकार्तने १६३७ मध्ये छापला. पण स्थिरांक १.३३ च का, हे हायगेन्सच्या कंपासमुळे कळले. तो दोन वेगांचा भागाकार आहे.

माझ्या मते या आकृतीतली सर्वांत मोलाची रेघ म्हणजे तो सामाईक कर्ण, अ क. एका नॅनोसेकंदात तरंगाग्र आणि पाण्याची पातळी यांचा छेदबिंदू अ पासून क पर्यंत गेला. म्हणजे ६० सेंटीमीटर, प्रकाशाच्या दुप्पट वेगाने. याने घाबरायचे कारण नाही. बंदराच्या धक्क्यावर तिरपी लाट आदळते तेव्हा उसळणाऱ्या पाण्याचा फवारा भिंतीच्या कडेकडेने धावत जाताना दिसतो, आणि लाट जितकी भिंतीला समांतर तितका तो फवारा जास्त वेगाने धावतो. तिथे पाणी भिंतीच्या बाजूने धावत नसते. प्रत्येक ठिकाणी तिथलेच पाणी उसळते, पुढच्या ठिकाणी क्षणभर उशिरा, एवढेच. इथेही कुठलीच वस्तू प्रकाशापेक्षा वेगाने गेलेली नाही, फक्त आदळण्याची जागा सरकली आहे. आदळण्याच्या या जागेच्या वेगाला मी सीमेवरचा वेग म्हणतो. माध्यमातल्या वेगाला कोनाच्या साइनने भागले की तो मिळतो.

आता सगळा नियम एका वाक्यात सांगता येतो: सीमेवरचा वेग दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे. दुसरे काही होऊच शकत नाही, कारण वरचा माथा आणि खालचा माथा पातळीवर एकमेकांना जोडलेले आहेत. वरचा माथा जिथे टेकतो तिथूनच खालचा सुरू होतो. याच कारणाने दर सेकंदाला जितके माथे पातळीपर्यंत येतात तितकेच पाण्यात शिरतात. वारंवारता बदलत नाही, तरंगलांबी मात्र वेगाच्या प्रमाणात आखडते.

समुद्राकडे परत जाऊन हे तपासता येते. खोल पाण्यात लाट किनाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून येत असेल तर किनाऱ्याच्या दिशेने तिचा वेग साडेपंधरा भागिले ०.७०७, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तळ सरळ उतरता असेल तर हे २२ मीटर थेट वाळूपर्यंत बदलत नाहीत. म्हणून चार मीटर खोलीवर कोनाची साइन सव्वासहा भागिले २२, म्हणजे कोन जेमतेम १७ अंश. दोन मीटरवर तो १२ अंशांच्या आत येतो. ४५ अंशांनी निघालेली लाट फुटताना समांतर का वाटते, याचे उत्तर एवढेच आहे. जिथे तळ असा सरळ नसतो, समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड असते, तिथे उथळ पाणी सोंडेच्या तिन्ही बाजूंनी असते आणि लाटा तिन्ही बाजूंनी सोंडेकडे वळतात. शेजारच्या खाडीच्या खोबणीत त्या पसरून दुबळ्या होतात. सोंडेवर उघडा खडक आणि खोबणीत वाळू, ही कोकणातली ओळखीची रचना घडण्यात या वळण्याचा मोठा वाटा आहे.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हे सगळे एका गृहीतावर उभे होते: तो पाण्यात मंदावतो. न्यूटनचा यावर विश्वास नव्हता. त्याच्या मते प्रकाश म्हणजे कणांचा झोत, आणि पाण्याजवळ येताच पाणी त्या कणांना आत खेचते. पृष्ठभागाच्या दिशेचा वेग तसाच राहतो, आत जाण्याचा वेग वाढतो, म्हणून मार्ग स्तंभिकेकडे झुकतो. या हिशेबातूनही साइनचा तोच नियम निघतो, पण वेगांचे गुणोत्तर उलटे होते. प्रकाश पाण्यात एक-तृतीयांशाने जास्त वेगवान असायला हवा. म्हणजे कोन कितीही बारकाईने मोजले तरी दोघांत निवड होणार नव्हती. पाण्यातला वेगच मोजायला हवा होता. फ्रान्समध्ये आरागोने १८३८ मध्ये त्यासाठी फिरत्या आरशाची कल्पना सुचवली आणि १८५० मध्ये लेऑं फूकोने ती प्रत्यक्षात आणली. प्रकाशाची एक शलाका हवेतून आणि दुसरी पाण्याने भरलेल्या सुमारे ३ मीटर नळीतून पाठवून परत आणायची, आणि अतिशय वेगाने फिरणाऱ्या आरशावर ती परत येईपर्यंत आरसा किती वळला ते प्रतिमेच्या सरकण्यावरून पाहायचे. नळीतून जाऊन येण्यात हवेतल्यापेक्षा जेमतेम सात नॅनोसेकंदांचा फरक पडणार होता. तेवढ्या फरकाने पाण्यातून आलेली प्रतिमा जास्त सरकलेली दिसली. म्हणजे पाण्यातला प्रकाश मागे पडला होता. निकाल हायगेन्सच्या बाजूने लागला, तो जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर.

प्रकाश पाण्यात मंदावतो तो रेणूंना अडखळून, थांबत-थांबत जातो म्हणून नव्हे. असे चित्र पुष्कळ ठिकाणी रंगवलेले आढळते, पण ते दिशाभूल करते, कारण अडखळलेला प्रकाश चारी दिशांना विखुरला असता. आलेला तरंग पाण्यातल्या इलेक्ट्रॉनांना आपल्या तालावर हलवतो. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःचे तरंग सोडतात, मूळ तरंगापेक्षा किंचित मागे पडलेले. दोघांची बेरीज होऊन जो तरंग बनतो त्याचे माथे कमी वेगाने पुढे सरकतात. इलेक्ट्रॉन निळ्या प्रकाशाला लालपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, म्हणून काचेत आणि पाण्यात निळा थोडा अधिक मंद आणि थोडा अधिक वळणारा.

आता आकृती उलटी करू. दिवा पाण्याच्या आत आहे आणि तरंगाग्र खालून वर पातळीकडे येते आहे. आधी कोन ३० अंश धरू. पाण्यातला वेग नॅनोसेकंदाला साडेबावीस सेंटीमीटर, त्याला अर्ध्याने भागले की सीमेवरचा वेग ४५ सेंटीमीटर. हवेतल्या तरंगालाही पातळीवर ४५ चाच वेग जुळवायचा आहे, म्हणून त्याच्या कोनाची साइन ३० भागिले ४५, म्हणजे कोन जवळजवळ ४२ अंश. किरण स्तंभिकेपासून दूर झुकून बाहेर पडला. पाण्यातला कोन वाढवत नेला की सीमेवरचा वेग कमी होत जातो, आणि हवेतला तरंग अधिकाधिक आडवा होत जातो. पाण्यात ४८.६ अंश झाले की त्याची साइन ०.७५ आणि सीमेवरचा वेग बरोबर ३० सेंटीमीटर, म्हणजे हवेतल्या प्रकाशाचाच वेग. आता हवेतला तरंग पातळीला पूर्ण घासून जातो. हा क्रांतिक कोन.

आणखी पुढे जाऊ. कोन ६० अंश. सीमेवरचा वेग आता फक्त २६ सेंटीमीटर. पुन्हा कागद घ्या. अ क ही रेघ या वेळी २.६ सेंटीमीटर. अ पासून हवेत निघालेल्या छोट्या तरंगाचे वर्तुळ ३ सेंटीमीटर त्रिज्येचे. वर्तुळ काढले की लगेच दिसते, क बिंदू वर्तुळाच्या आत पडला. आतल्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शरेषा काढता येत नाही. नवे तरंगाग्र बनण्यासाठी सगळ्या छोट्या तरंगांना स्पर्श करणारी एक रेघ लागते, आणि तशी रेघच नाही. अ चा तरंग हवेतून क पर्यंत आधीच पोचून पुढे गेला आहे, पाण्यातले तरंगाग्र अजून तिथे यायचे आहे. तिरपा झाल्याने तरंगाचा सीमेवरचा वेग त्या माध्यमातल्या वेगाहून वाढू शकतो, कमी कधीच होऊ शकत नाही. ३० च्या वेगाने जाणारा तरंग पातळीवर २६ चा वेग कुठल्याही कोनातून साधू शकत नाही. हवेत जाण्याची वाट बंद, म्हणून सगळा प्रकाश पाण्यात परत. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. यावरून हेही कळते की ते मंद माध्यमातून वेगवान माध्यमाकडे जातानाच का घडते. काचेचा क्रांतिक कोन ४२ अंशांच्या आसपास, हिऱ्याचा २४ च्या थोडा वर. पैलू नीट पाडलेल्या हिऱ्यात शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर आदळला की बहुतेक वेळा या कोनाच्या बाहेरच असतो, म्हणून तो समोरूनच परत निघतो.

एक गैरसमज इथे होतो. क्रांतिक कोनापर्यंत सगळा प्रकाश बाहेर जातो आणि मग एकदम दार लागते, असे नाही. थोडे परावर्तन सुरुवातीपासूनच होत असते. कोन वाढेल तसा परत येणारा भाग वाढतो आणि क्रांतिक कोनाशी पोचता पोचता बाहेर जाणारा प्रकाश शून्यावर येतो.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूर पाणी साचल्यासारखे दिसते, तिथेही हाच हिशेब लागतो, फक्त आकडे फार लहान आहेत. तापलेल्या डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा ३० अंश सेल्सिअसने गरम असेल तर तिच्यातला प्रकाशाचा वेग वरच्या हवेतल्यापेक्षा एक लाखात दोन-अडीच भागच जास्त असतो. एवढ्या फरकावर प्रकाश परतवायचा तर तो रस्त्याला जवळजवळ चिकटून, अर्ध्या अंशाहूनही कमी कोनात यायला हवा. डोळा रस्त्यापासून दीड मीटर उंच असेल तर हा कोन २०० मीटरच्या पलीकडेच साधतो. म्हणून ते पाणी नेहमी दूरच दिसते आणि आपण जितके पुढे जातो तितके पुढे सरकते. इथे पाण्याच्या पातळीसारखी ठळक सीमा नसते. तापमान थराथराने बदलते, त्यामुळे किरण कोपरा करून न वळता हळूहळू वाकतो. सीमेवरचा वेग मात्र प्रत्येक थरात तोच राहतो, म्हणून शेवटचे उत्तर बदलत नाही.

आता खरे अवघड ठिकाण. हवेत जाणारा तरंग बनत नाही हे कळले, पण पातळीच्या लगेच वरच्या हवेत काय चालले असते? पाण्यातले विद्युतक्षेत्र पातळीपर्यंत हिंदकळते आहे, ते एका रेघेवर येऊन एकदम शून्य होऊ शकत नाही. हवेतही थोडे क्षेत्र उतरते. ते पातळीच्या बाजूने पाण्यातल्या माथ्यांबरोबर सरकते, पण वर निघून जात नाही. वर जाऊ तसे ते झपाट्याने विरते. आपल्या ६० अंशांच्या उदाहरणात हवेतल्या तरंगलांबीच्या पाव भागाच्या थोडे वर गेले की त्याचे बळ साधारण एक-तृतीयांश उरते. दृश्य प्रकाशासाठी हे अंतर मिलिमीटरच्या दोन दशहजारांश भागाहूनही कमी. या क्षेत्रातून ऊर्जा पलीकडे वाहून जात नाही, म्हणूनच परावर्तन पूर्ण असते. पण अट अशी, की तेवढ्या अंतरात दुसरे कोणी नसावे. दुसरी काच तेवढी जवळ आणली तर हवेच्या फटीपलीकडे पुन्हा मंद माध्यम येते, तिथे सीमेवरचा तो कमी वेग जुळवता येतो, आणि प्रकाश फट ओलांडून पलीकडे जातो.

दृश्य प्रकाशासाठी एवढी बारीक फट सांभाळणे कठीण. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये स्वतः बनवलेल्या उपकरणांनी मिलिमीटर-सेंटीमीटर लांबीचे विद्युत तरंग तयार केले होते, आणि त्यांच्यासाठी हीच फट हाताने सरकवता येईल एवढी मोठी होते. समोरासमोर ठेवलेल्या दोन काचेच्या लोलकांमधले अंतर कमी-जास्त करून त्यांनी १८९७ मध्ये दाखवले की फट रुंद असेल तर तरंग पूर्ण परततात, अरुंद झाली की काही भाग पलीकडच्या लोलकात शिरतो, आणि तरंगलांबी जास्त असेल तर पूर्ण परावर्तनासाठी फटही जास्त रुंद लागते.

घरच्या घरी याची खूण पाहायची असेल तर काचेचा गुळगुळीत पेला पाण्याने भरा, बोटे किंचित ओली करून तो धरा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून पेल्याच्या आतल्या बाजूकडे पाहा. बाजूची काच चांदीसारखी चकाकते आणि मागची बोटे दिसतच नाहीत. आता बोटे घट्ट दाबा. चकाकीवर बोटांच्या ठशांच्या रेषा उमटतात. त्वचेचे उंचवटे काचेला भिडले तिथे प्रकाश बाहेर निसटला, मधल्या खाचांत हवा राहिली तिथे तो परतत राहिला. बोटांचे ठसे घेणाऱ्या अनेक प्रकाशीय यंत्रांच्या काचेखाली हेच चाललेले असते.

प्रकाशतंतूला काचेचेच आवरण का लागते, तेही यातून समजते. उघड्या काचेच्या तंतूतही पूर्ण आंतरिक परावर्तन होते, हवा तर काचेपेक्षा किती तरी वेगवान माध्यम. पण उघड्या तंतूला धूळ, तेलकट बोट किंवा शेजारचा तंतू टेकला की त्या त्या जागी प्रकाश गळतो. म्हणून १९५० च्या दशकात गाभ्याभोवती थोड्या कमी अपवर्तनांकाचे आवरण देण्याची कल्पना आली. सीमेपलीकडे उतरणारे ते विरते क्षेत्र त्या स्वच्छ आवरणातच संपते, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येत नाही. दूरसंचाराच्या तंतूत गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक असतो आणि क्रांतिक कोन ८५ अंशांच्या आसपास. म्हणजे आत प्रकाश जवळजवळ सरळच धावत असतो.

असा तंतू फार तीव्र वळवला की गळती सुरू होते, आणि तिचे कारण पुन्हा सीमेवरच्या वेगात आहे. सरळ तंतूत आवरणातले विरते क्षेत्र गाभ्यातल्या माथ्यांबरोबर, आवरणातल्या प्रकाशापेक्षा कमी वेगाने चालते, म्हणून ते कुठे जाऊ शकत नाही. वळणावर बाहेरच्या कडेला अंतर जास्त कापावे लागते. माथ्यांची रांग मोडू नये म्हणून क्षेत्राचे जे टोक वळणाच्या केंद्रापासून जितके दूर तितके ते वेगाने सरकायला हवे. काही अंतरावर हा लागणारा वेग आवरणातल्या प्रकाशाच्या वेगाला गाठतो. तिथून पुढचे क्षेत्र मग बांधलेले राहत नाही, सुटून प्रवास करणारा तरंग होते आणि आवरणातून बाहेर पडते. वळण जितके आखूड तितके हे अंतर गाभ्याच्या जवळ येते आणि सुटणारा भाग झपाट्याने वाढतो. फायबर जोडणारे तंत्रज्ञ बिघाड शोधताना तंतूच्या एका टोकातून लाल लेसर सोडतात. कपाटात कुठे तंतू दुमडला गेला असेल तर बरोबर त्याच वळणावर, तंतू तुटलेला नसतानाही, पिवळ्या वेष्टनातून लाल ठिपका चमकताना दिसतो.